जमातखान्याची चावी कुणाकडे आहे?

शहापूर-मुरबाडकडच्या मुलामुलींना स्पर्धा परीक्षेबद्दल विचारलं की पुस्तकाच्या आधी जागेचं रडगाणं निघतं. घरात दोन खोल्या. एकीत टीव्ही, दुसरीत आजी झोपलेली. पाहुणे आले की पुस्तक उचलून ओट्याजवळ जायचं. मुलगा असेल तर निदान बाहेर पडून एखाद्या मित्राकडे बसतो. मुलगी असेल तर मगरीबनंतर तो रस्ताही बंद. मग घरात एकच सल्ला मिळतो: "कल्याणला अभ्यासिका लाव."

हा सल्ला देणारे वेळेचा हिशेब करत नाहीत. आपण करून बघू. किन्हवलीच्या पुढच्या एखाद्या गावातली मुलगी धरा. गावातून एसटीने किंवा शेअर गाडीने आसनगाव स्टेशनला यायला पाऊण तास. गाडीची वाट बघणं वीस मिनिटं, कारण दुपारच्या कसारा लोकल काही मिनिटामिनिटाला नसतात. कल्याणपर्यंत साधारण चाळीस मिनिटं, आणि पुढे चालणं. एका बाजूला पावणेदोन तास, म्हणजे रोज साडेतीन. महिन्यात पंचवीस दिवस गेली तर ८७ तास प्रवासात गेले. मुरबाडला तर रेल्वेच नाही, कल्याणपर्यंतचा सगळा रस्ता एसटीचा. शेवटची गाडी चुकू नये म्हणून ही मुलगी पाच वाजताच पुस्तक मिटते. तिने पूर्ण दिवसाची फी भरली आणि बसली सहा तास.

कल्याण-ठाण्याची जुनी ग्रंथालयं वाईट आहेत असं माझं म्हणणं मुळीच नाही. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं. ज्याला त्या शहरात राहायला खोली आहे त्याने जरूर जावं. पण सार्वजनिक वाचनालय कशासाठी असतं हे समजून जायला हवं. आपल्याकडची अनुदानित वाचनालयं १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली चालतात आणि त्यांचा वर्ग ठरलेला असतो. जसा वर्ग, तसं अनुदान, तसे कर्मचारी, तसे उघडे राहण्याचे तास. लहान वाचनालय दुपारी बंद असतं ते ग्रंथपालाच्या आळसामुळे नव्हे. तिथल्या एकमेव कर्मचाऱ्याला सकाळ-संध्याकाळ पुरेल एवढंच मानधन मिळतं. मुक्तद्वार विभागातलं लांब टेबल वर्तमानपत्र वाचणाऱ्यांसाठी असतं. तिथे आठ तास वही पसरून बसलात तर पेन्शनर काकांची कुरकुर योग्यच आहे. वाचनालयाचा खरा उपयोग तासाभराचा आहे: दोन वर्तमानपत्रं, 'लोकराज्य'चे अंक, ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर, कुणी घरी विकत घेत नाही असे जाडजूड संदर्भग्रंथ. टिपणं काढा आणि उठा. बैठक दुसरीकडे हवी.

आता पैसे देऊन लावायची अभ्यासिका. पुण्यात सदाशिव पेठेत जे चालतं ते आता तालुक्याच्या गावातही आलंय: दुकानाच्या वरचा गाळा, प्लायवूडची कप्पे केलेली टेबलं, वायफाय, महिन्याची फी. मी स्वतः एकीत तीन महिने काढले. मालक भला माणूस होता, पण जागा 'फ्लोटिंग' होत्या. म्हणजे कुणाची खुर्ची ठरलेली नाही, येईल तो बसेल. टेबलं तीस आणि पावत्या पन्नासच्या वर. भरतीची जाहिरात नसायची तेव्हा कुणाला कळायचं नाही. जाहिरात आली आणि सगळे एकदम उगवले. सकाळी नऊनंतर येणारा जिन्यात बसायचा. म्हणून फी भरण्याआधी पहिला प्रश्न विचारा: माझी खुर्ची ठरलेली आहे का? नसेल तर एकूण किती जणांनी फी भरलीय?

दुसरं, जागा बघायला मालक बोलावेल त्या वेळी जाऊ नका. एकदा आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारी तीनला जा. अर्धी मुलं टेबलावर डोकं ठेवून झोपलेली दिसली तर त्यांना आळशी म्हणण्याआधी खिडक्या बघा. एसीची थंडी टिकावी म्हणून सगळं बंद केलेलं असतं, बाहेर हवा फेकणारा पंखा नसतो, आणि वीस-पंचवीस जणांचा श्वास त्याच खोलीत फिरत राहतो. डोकं जड होतं, जांभया येतात, तुम्हाला वाटतं विषयच कंटाळवाणा आहे. खिडकी उघडून दहा मिनिटांत बरं वाटलं तर दोष हवेचा होता.

आणि जिना बघा. एकच अरुंद जिना, खाली मीटरची पेटी आणि तिच्याशेजारी गाड्या लावलेल्या, अशा ठिकाणी बसू नका. तळघरात तर कितीही स्वस्त असलं तरी नाही. २७ जुलै २०२४ ला दिल्लीच्या ओल्ड राजिंदर नगरमध्ये एका कोचिंगच्या तळघरातल्या ग्रंथालयात पावसाचं पाणी शिरलं आणि परीक्षेची तयारी करणारे तीन विद्यार्थी बुडून गेले. त्या तळघराला परवानगी सामान ठेवण्याची होती, माणसं बसवण्याची नव्हती. शहापूरचा पाऊस दिल्लीपेक्षा किती जास्त, हे तानसा-भातसाच्या शेजारी राहणाऱ्यांना मी सांगायला नको.

पण माझा मुद्दा याच्या पुढचा आहे. आपल्या गावांत जागा आहे. ती कुलपात आहे.

बहुतेक वस्त्यांत जमातखाना असतो, नाहीतर मदरशाचा वरचा हॉल. लग्न, साखरपुडा, एखादी मय्यत झाली की उघडतो. वर्षात असे दिवस मोजा. बाकीचे सगळे दिवस तिथे सतरंज्या, देगा आणि भिंतीला टेकवलेल्या खुर्च्या असतात. याच गावातली मुलं कल्याणला जाण्यासाठी पास काढतात. मला हे पटत नाही.

वीस फूट बाय तीस फुटांचा हॉल धरू. सहाशे चौरस फूट. येण्याजाण्याची वाट सोडून एका माणसाला पंचवीस चौरस फूट धरले तर चोवीस जण होतात, आपण वीसच बसवू. सहा फूट लांब, दोन फूट रुंद अशी दहा टेबलं, एकावर दोघं, मध्ये प्लायवूडचा दीड फूट उंच आडोसा. दोन फूट रुंदी हवीच. कारण आता राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आहे आणि तीन-तीन तास लिहायचा सराव मांडीवर पाट घेऊन होत नाही. पोलीस भरतीवाल्याचं वेगळं. त्याचं मैदान आधी असतं, पहाटे तो धावतो, मग त्याला शंभर मार्कांच्या पेपरसाठी नव्वद मिनिटं घड्याळ लावून सलग बसायचं असतं. त्या नव्वद मिनिटांत कुणी "चहा घेणार का" विचारलं की सराव फुकट गेला.

ट्रस्टी पहिला प्रश्न विचारतात तो लाइट बिलाचा. ७५ वॅटचे चार पंखे म्हणजे ३०० वॅट, २० वॅटच्या दहा ट्यूब म्हणजे २०० वॅट. एकूण ५००. रोज बारा तास चाललं तर सहा युनिट, महिन्याला १८०. युनिटमागे सगळं मिळून दहा रुपये धरले तर अठराशे रुपये. वीस जणांत नव्वद-नव्वद रुपये. वीज गेली तर? १५० एएचची एक बॅटरी असलेला इन्व्हर्टर दोन तास हा भार कसाबसा ओढतो, निम्मे पंखे बंद केले तर तीन तास. तालुक्याच्या गावाबाहेर पावसाळ्यात वीज त्याहून जास्त वेळ जाते, हे गृहीत धरून ठेवा. बॅटरीच्या पाण्याकडे बघणारा एक जण नेमा, नाहीतर वर्षात ती बसते.

शांततेचं वेळापत्रक गावागावाचं वेगळं बनेल. मदरशात लहान मुलांचा सबक सुरू असतो तेव्हा त्या इमारतीत शांतता मिळणार नाही, त्या वेळी तोंडपाठ करण्याचे विषय किंवा बातम्या घ्याव्यात. अजान दोन-चार मिनिटांची असते, तिचा त्रास होतो असं मला कुणी अजून सांगितलेलं नाही. त्रास होतो मोबाइलच्या थरथरीचा आणि सरकवलेल्या लोखंडी खुर्चीचा. खुर्चीच्या पायांना रबराची टोपी लावा, मोबाइल दाराशी फळीवर. रमजानमध्ये दुपारची बैठक लवकर संपवून तरावीहनंतर उघडा. लग्न असेल त्या दिवशी हॉल नाही, ती तारीख महिनाभर आधी फळ्यावर लिहा म्हणजे भांडण होत नाही. भाडं किंवा करार असलं काही करू नका, ट्रस्टच्या किंवा वक्फच्या जागेत त्याचे नियम वेगळे आहेत. ट्रस्टींच्या बैठकीत एक साधा ठराव, मिनिट बुकात नोंद, आणि खर्चाची वही. एवढ्यावर चालतं.

खरी अडचण इथे येते. ट्रस्टी मुलांसाठी लवकर तयार होतात. मुलींचं नाव काढलं की "बघू, वेगळी सोय करावी लागेल" असं म्हणतात आणि ते बघणं संपत नाही. माझ्या मामाच्या मुलीने तलाठी भरतीचा अभ्यास पहाटे तीन ते सहा केला. तिला पहाट आवडत नव्हती. घर तेवढ्याच वेळात गप्प असायचं. मुलींना वेगळी सोय हवीच असेल तर ती अवघड नाही: दहा टेबलांतली चार एका बाजूला, मध्ये पडदा, स्वच्छतागृहाला आतून नीट लागणारी कडी, आणि घरी जायची वेळ ठरलेली, म्हणजे एकाच आळीतल्या दोघी-तिघी मिळून निघतात. स्वच्छतागृह नसेल तर मुली पाणी कमी पितात आणि दोन तासांत उठून जातात. ट्रस्टींनी पैसे आधी त्यावर घालावेत, वायफायवर नंतर. वायफाय मुलांच्या खिशात आहे.

आणि दार सगळ्यांना उघडं ठेवा. शेजारच्या पाड्यावरच्या ठाकर, कातकरी मुलांना, आगरी-कुणबी मुलांनाही जागेची तीच अडचण आहे. वीसपैकी पाच जागांवर ती बसली तर बिघडत काहीच नाही, उलट प्रश्नपत्रिकांचे संच वाढतात, आणि इंग्रजी कुणाचं, गणित कुणाचं बरं असतं.

आता चावी. ती एकाच मुतवल्ली साहेबांच्या घरी असेल तर ते बाहेरगावी गेले की अभ्यासिका बंद. तीन चाव्या करा. एक ट्रस्टकडे, एक मुलांतल्या एकाकडे, एक मुलींतल्या एकीकडे. पहिल्या महिन्यात सही करून चावी घेण्याची वही ठेवा. तिसरी चावी द्यायला बैठकीत कोण नाही म्हणतं, त्याचं नाव ठरावात लिहून घ्या.