दुसऱ्या डोळ्याची तारीख

मोतीबिंदूचं पहिलं ऑपरेशन झालेला पेशंट तपासणीला येतो तेव्हा सहसा खुशीत असतो. भिंती पांढऱ्याशुभ्र दिसतात. न केलेला डोळा उघडून पाहिला की त्याच भिंती पिवळट. दुसऱ्या डोळ्याची तारीख काढू या म्हटलं, की मात्र उत्तर येतं, "थंडीत बघू, डॉक्टर. तोवर तोही पिकेल." आजच्या फेको ऑपरेशनला मोतीबिंदू पिकावा लागत नाही आणि थंडीशी त्याचा काही संबंध नाही. तरीही, मुळात चष्म्याचा नंबर कमी असेल तर थंडीपर्यंत थांबायला माझी सहसा हरकत नसते. जाड चष्मेवाल्यांशी मात्र मी वाद घालतो.

एक निवृत्त शिक्षिका घ्या. लहानपणापासून दोन्ही डोळ्यांना मायनस आठ. उजव्या डोळ्यात अशी लेन्स बसवली, की लांबचं चष्म्याविना दिसावं. डावा डोळा अजून मायनस आठवरच. आता नवा चष्मा करून द्या म्हणतात. करून दिला, म्हणजे उजवीकडे साधी काच आणि डावीकडे मायनस आठ, तर काय होईल? मायनसची काच वस्तू लहान दाखवते. आठ नंबरला डावं चित्र उजव्यापेक्षा आठ-नऊ टक्क्यांनी लहान पडतं, आणि एवढ्या फरकाची दोन चित्रं मेंदू सहसा एकत्र जुळवत नाही.

त्याहून त्रासदायक गोष्ट जिन्यावर घडते. पायरी बघायला नजर काचेच्या मध्यापासून एक सेंटीमीटर खाली गेली, की मायनस आठची काच दृश्य वर सरकवते: एक मीटर अंतरावर आठ सेंटीमीटर, दीड मीटरवर बारा. पायरीची उंचीच साधारण पंधरा सेंटीमीटर असते. एका डोळ्याची पायरी एकीकडे आणि दुसऱ्याची भलतीकडे, असं होऊन पाय चुकतो. म्हणून दोन डोळ्यांच्या नंबरांत साधारण तीनपेक्षा जास्त फरक असेल, तर पूर्ण नंबराचा चष्मा मी लिहून देत नाही.

मग मधल्या दिवसांत करायचं काय? जुना चष्मा आधी बाजूला ठेवायचा. सवयीनं तो लावला, तर ऑपरेशन केलेला डोळाच धूसर होतो. बाईंना चष्म्याविना उजव्या डोळ्यानं लांबचं दिसेल आणि डावा इतका अंधुक राहील, की मेंदू त्याच्याकडे दुर्लक्ष करील. वाचायला प्लस अडीचचा तयार चष्मा चालेल. पण खोलीचा अंदाज एका डोळ्यावर येतो: चहा कपाबाहेर ओतला जातो, सुईत दोरा जात नाही. ओतताना किटलीचं तोंड कपाच्या काठाला टेकवावं, उतरताना कठडा धरावा आणि स्कूटर काही दिवस घरीच ठेवावी. गडद मोतीबिंदूच्या डोळ्यातून संदेश मेंदूकडे किंचित उशिरा पोहोचतो, त्यामुळे आडव्या जाणाऱ्या वाहनाचं अंतर फसवं दिसू शकतं.

यापेक्षा चांगली सोय म्हणजे न केलेल्या डोळ्यात कॉन्टॅक्ट लेन्स. ती बुबुळावरच बसते आणि डोळ्याबरोबर फिरते, म्हणून चित्र फारसं लहान होत नाही आणि पायरीही सरकत नाही. मात्र सत्तरीत हात थरथरत असतील किंवा डोळे कोरडे असतील तर ती जमत नाही. शिवाय मऊ लेन्स असली तरी पुढच्या ऑपरेशनची मापं घेण्याआधी आठवडाभर ती काढून ठेवावी लागते, नाहीतर मापं चुकतात. मोतीबिंदू दाट असेल, तर लेन्स लावूनही त्या डोळ्याचा उपयोग थोडाच.

तर मग दुसरा डोळा त्याच दिवशी का नाही? फिनलंडसारख्या देशात अनेकांचे दोन्ही डोळे एकाच दिवशी करतात. आपल्याकडे बहुतेक सर्जन ते टाळतात, कारण डोळ्याच्या आत होणारा जंतुसंसर्ग दुर्मीळ असला तरी दोन्ही डोळ्यांत एकदम झाला तर सावरायला काही उरत नाही. आणखी एक फायदा थांबण्यात आहे. शून्य नंबर येईल असं धरून बसवलेल्या लेन्सनं पहिल्या डोळ्यात प्लस एक आला, तर दुसऱ्या डोळ्याची लेन्स निवडताना त्या चुकीचा साधारण निम्मा भाग हिशेबात धरतात. त्यासाठी पहिल्या डोळ्याचा नंबर स्थिरावायला हवा. बारीक छेदाच्या फेकोनंतर दोन ते चार आठवड्यांत तो पुरेसा बसतो; मोठा छेद किंवा टाके असतील तर जास्त वेळ लागतो. बाईंसारख्यांना मी दोन आठवड्यांच्या आसपासची तारीख देतो, आणि ती पहिल्या ऑपरेशनआधीच वहीत लिहून घेतो. पहिल्या डोळ्यात लाली, दुखणं किंवा घटती नजर असेल तर मात्र ती तारीख रद्द.

मोतीबिंदू एकाच डोळ्यात असेल आणि दुसरा स्वच्छ पण मायनस आठचा असेल, तर प्रश्न अवघड. जास्त मायनस नंबरवाल्यांत ऑपरेशननंतर पडदा सुटण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, म्हणून स्वच्छ डोळा केवळ जुळणीसाठी उघडावा असं मला वाटत नाही. अशा वेळी पहिल्या डोळ्याला शून्याऐवजी मायनस पाच-सहावर ठेवणारी लेन्स निवडता येते. चष्मा सुटत नाही, पण दोन्ही डोळे एका चष्म्यात नांदतात. हे ठरवायचं ते लेन्स बसवण्याआधी, म्हणून ऑपरेशनपूर्वीच्या भेटीत डॉक्टरांना विचारा: "पहिला डोळा किती नंबरावर ठेवणार, आणि दुसऱ्याचं काय?"