वीज गेली तरी काम थांबू नये



मिरजेजवळच्या एका खेड्यातली आमच्या ओळखीची मुलगी घरूनच पुण्यातील एका कंपनीच्या हिशेबाच्या नोंदी करते. वळवाच्या पावसात वीज गेली. लॅपटॉप त्याच्या बॅटरीवर चालूच होता, पण भिंतीवरची इंटरनेटची पेटी, म्हणजे राउटर, बंद पडली. काम वेळेत पोचले नाही आणि त्या दिवसाचे पैसे कापले गेले.

घरच्यांना वाटले, आता पंधरा-वीस हजारांचा इन्व्हर्टर घ्यावा लागणार. पण गरज होती ती फक्त ती पेटी चालू ठेवण्याची. त्यासाठी राउटरचा छोटा यूपीएस मिळतो. तो हजार-दोन हजारांच्या आसपास येतो.

घेण्याआधी राउटरच्या अ‍ॅडॉप्टरवरील अक्षरे वाचावीत. तिच्या अ‍ॅडॉप्टरवर १२ व्होल्ट, १ अँपिअर असे होते. दोन्हींचा गुणाकार १२ वॅट, हा जास्तीत जास्त खर्च. यूपीएसही १२ व्होल्टचाच हवा. ९ व्होल्टच्या पेटीला १२ व्होल्ट दिल्यास ती जळू शकते. काही घरांत फायबरची पेटी आणि वाय-फायची पेटी वेगवेगळ्या असतात. तिथे दोन्हींना वीज लागते.

यूपीएसच्या खोक्यावर ८८०० एमएएच असा मोठा आकडा होता. इथेच बरेच जण फसतात. हा आकडा बहुधा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो. म्हणून ८.८ गुणिले ३.७, म्हणजे सुमारे ३२ वॅट-तास. थोडी वीज वाटेत वाया जाते, उरते सत्तावीसच्या आसपास. त्याला १२ ने भागले की दोन तासांहून थोडे अधिक. पेटी बहुधा पूर्ण १२ वॅट खात नाही, त्यामुळे प्रत्यक्षात तीन तासही निघतात. मात्र यावर टेबलावरचा संगणक चालणार नाही.

वीज असूनही पेटीवरचा एलओएस दिवा लाल झाला, तर फायबरमधून सिग्नल येत नाही असे समजावे. तिथे यूपीएसचा उपयोग नाही. त्यासाठी मोबाइलमध्ये दुसऱ्या कंपनीचे सिम ठेवावे आणि फोन केबलने लॅपटॉपला जोडून इंटरनेट घ्यावे. घरात कोणत्या कंपनीची रेंज येते ते शेजाऱ्याच्या फोनवर आधी पाहावे, मगच सिम घ्यावे.

एका सुट्टीच्या दिवशी घराचा मेन स्विच बंद करून तासभर काम करून पाहा. स्विच पाडताच पेटीचे दिवे विझून पुन्हा लागले, तर यूपीएस कमी पडतो आहे असे समजा.

या तयारीलाही मर्यादा आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीत कितीतरी वस्त्यांची वीज अनेक दिवस बंद होती. मोबाइलच्या टॉवरलाही वीज लागतेच. अशा वेळी उंचावरच्या गावातील नातेवाइकाचे घर हाच खरा आधार. ते घर आणि तिथली रेंज पावसाळ्याआधीच पाहून ठेवावी.