थ्री टेस्लाचा हट्ट कशासाठी?

जिल्हा रुग्णालयात एमआरआय मशीन यावं म्हणून सध्या सह्या गोळा करणं चालू आहे. मीही सही केली. पण निवेदनात एक ओळ आहे, "थ्री टेस्लाच हवं, त्याखालचं चालणार नाही." त्या ओळीबद्दल बोलायचंय. गेली बारा वर्षं मी खासगी सेंटरवर एमआरआय टेक्निशियन आहे आणि लहान-मोठ्या सगळ्या मशीनवर काम केलंय.

टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद. आपल्याकडे साधारण तीन प्रकार दिसतात. बाजूने उघडं असलेलं 'ओपन' मशीन बहुतेक 0.3-0.4 टेस्लाचं असतं. बोगद्यासारखं नेहमीचं मशीन 1.5 चं, आणि त्याहून मोठं 3 चं.

चुंबक जितकं ताकदवान, तितका शरीरातून येणारा सिग्नल स्पष्ट. सिग्नल कमी असेल तर मशीन तेच माप पुन्हा पुन्हा घेतं. गोंगाटात कुणाचं बोलणं कळलं नाही की आपण "काय म्हणालात?" असं परत विचारतो ना, तसंच. पण इथे एक मेख आहे. स्पष्टपणा दुप्पट करायचा तर वेळ चौपट लागतो.

हिशोब करून बघा. 0.35 च्या मशीनचा सिग्नल 1.5 च्या ढोबळमानाने पाव. कमरेच्या मणक्याचा एक सीक्वेन्स 1.5 वर तीन मिनिटांत होतो असं धरू. लहान मशीनवर तितकाच स्पष्ट हवा तर सोळापट वेळ, म्हणजे 48 मिनिटं. तेही एकाच सीक्वेन्सला, आणि असे चार-पाच लागतात. कंबर दुखणारा माणूस इतका वेळ हलणार नाही का? म्हणून प्रत्यक्षात तडजोड होते. वेळ थोडा वाढवतात, आणि काप जाड घेतात, बारकावे सोडतात. तरी पेशंट पाऊण तास आत, शेवटी तो हलतोच, आणि फिल्मवर कडा दुहेरी दिसतात. मग डॉक्टर म्हणतात, "दुसरीकडून परत करून आणा." स्वस्त म्हणून केलेली तपासणी अशी दुप्पट पडते.

याचा अर्थ ओपन मशीन टाकाऊ असा नाही. बंद जागेची भीती वाटणारे, खूप जाड शरीराचे, आईचा हात धरून झोपणारी लेकरं यांना तेच सोयीचं. आवाजही कमी. मोठी सरकलेली चकती त्यावरही दिसते. अडचण बारीक गोष्टींची असते, उदाहरणार्थ गुडघ्याच्या कूर्चेवरची छोटी चीर.

आता 3 टेस्ला. फिटचं मूळ शोधायचंय, प्रोस्टेट बघायचंय, मनगटाचे बारीक लिगामेंट बघायचेत, तिथे त्याला तोड नाही. पण 1.5 वरून 3 वर गेलं की वेळ निम्मा होतो, हा गैरसमज आहे. तशाच तपासणीत शरीरात जाणारी उष्णता सुमारे चौपट होते, म्हणून मशीनला मर्यादा पाळत सावकाश जावं लागतं. आवाज साधारणपणे जास्त. मांडीत रॉड किंवा मणक्यात स्क्रू असेल तर भोवतीचं चित्र 1.5 पेक्षा जास्त बिघडतं. पोटात पाणी झालेल्यांच्या चित्रात काळे पट्टे येऊ शकतात. काही पेसमेकर आणि इम्प्लांट तर फक्त 1.5 पर्यंतच मान्य असतात, त्या पेशंटला 3 च्या दारातूनच परत पाठवावं लागतं.

जिल्हा रुग्णालयात येणार कोण? कंबर, मान, लकवा, डोक्याला मार, गुडघा. चकती नस दाबतेय का, लकव्याचा डाग कुठे आहे, हे 1.5 वर व्यवस्थित कळतं. 3 वर चित्र देखणं येईल, पण बहुतेकांचा उपचार तोच राहील.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. मागणी 1.5 टेस्लाची करा, आणि उरलेल्या पैशांतून प्रत्येक अवयवाच्या चांगल्या कॉइल मागा. गुडघ्याची कॉइल नसेल तर मोठ्या चुंबकाचा अर्धा फायदा तिथेच जातो. चुंबक थंड ठेवणारा कॉम्प्रेसर चोवीस तास चालू लागतो, तो बंद राहिला की आतलं हेलियम उडायला लागतं. तेव्हा जनरेटर आणि देखभालीचा करार निवेदनात लिहा. आणि रिपोर्ट देणारा रेडिओलॉजिस्टही.

खासगी सेंटरांकडून एकच हवं. दरपत्रकावर रकमेशेजारी टेस्ला लिहा. पेशंट "एमआरआय कितीला?" एवढंच विचारतो, कारण दुसरं विचारायचं असतं हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही. तपासणी आधीच झाली असेल तर फिल्मचा कोपरा बघा, बऱ्याचदा मशीनचं नाव किंवा 1.5T असं छापलेलं असतं. सीडीतल्या माहितीत Magnetic Field Strength या नावापुढे आकडा सापडतो.

निवेदन सोमवारी जाणार आहे. ती एक ओळ त्याआधी बदलूया. हरकत असेल तर कमेंटमध्ये बिनधास्त मांडा.