मराठीतलं नाव हाक मारायला, पासपोर्टवरचं नाव रेकॉर्डला

लॉज, होमस्टे किंवा गेस्ट हाऊस सुरू करायचा विचार असेल तर आजचा विषय तुमच्यासाठी आहे. मला बीबीएला हे कुणी शिकवलं नव्हतं.

अजिंठ्याची लेणी जिल्ह्याच्या हिशोबाने छत्रपती संभाजीनगरात, पण रेल्वेने येणारे बरेच परदेशी पाहुणे उतरतात जळगावला. तिथून लेणी साधारण 60 किलोमीटर. धुळ्याला तर मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन हायवे एकमेकांना छेदतात. म्हणजे कधी ना कधी तुमच्याही काउंटरवर पासपोर्ट येणार.

आधी एक गंमत करून बघा. जळगाव इंग्रजीत लिहा, Jalgaon. आता हा कागद महाराष्ट्राबाहेरच्या माणसाला द्या आणि देवनागरीत लिहायला सांगा. तो जलगाव लिहील, कदाचित जालगावही. ळ गेला तो गेलाच. आपल्या गावाचं नाव जाऊन परत येताना बदलतं, मग पाहुण्याचं कसं टिकेल?

माझ्याकडे शिकलेला एक भाऊ जळगावात छोटा लॉज चालवतो. त्याच्याकडे मागच्या सीझनला नेमकं हेच झालं. खऱ्या पाहुण्याचं नाव सांगणार नाही. त्याऐवजी पासपोर्टच्या आंतरराष्ट्रीय नियमपुस्तकात नमुना म्हणून छापलेलं नाव घेऊ. देशही काल्पनिकच आहे, त्याचा कोड UTO. पासपोर्टच्या फोटोच्या पानावर खाली या दोन ओळी असतात:

```
P<UTOERIKSSON<<ANNA<MARIA<<<<<<<<<<<<<<<<<<<
L898902C36UTO7408122F1204159ZE184226B<<<<<10
```

ऑनलाइन बुकिंग आलं होतं Anna Eriksson या नावाने, ॲडव्हान्ससकट. संध्याकाळी बाई आल्या. काउंटरवरच्या पोराने नाव ऐकलं आणि मराठी रजिस्टरमध्ये लिहिलं, ॲना मारिया एरिक्सन. रात्री दुसऱ्या पोराने रजिस्टर बघून कॉम्प्युटरला शोधलं, Erikson. सापडलं नाही. त्याने नवीन एंट्री केली, Ana Mariya Erikson, रूम दुसरी. मूळ बुकिंगची रूम रात्रभर रिकामी राहिली, सिस्टीममध्ये ‘पाहुणा आला नाही’ असं पडलं, आणि सकाळी बाईंकडे पुन्हा पूर्ण पैसे मागितले गेले. शिवाय परदेशी पाहुणा आला की 24 तासांच्या आत जी माहिती ऑनलाइन भरावी लागते, तीही चुकीच्या स्पेलिंगने गेली.

चूक पोरांची नव्हती, पद्धतीची होती. ‘एरिक्सन’ हे मराठीत बरोबरच लिहिलंय. पण त्यावरून Erikson, Ericson, Ericsson, Eriksen काहीही होऊ शकतं. ‘ली’ बघा. इंग्लंडचा Leigh, चीनचा Li, कोरियाचा Lee, सगळे आपल्याकडे ‘ली’च. जाताना अनेक वाटा एका ठिकाणी मिळतात. परत येताना कुठली वाट धरायची हे देवनागरी सांगू शकत नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. इंग्रजीतून मराठीत नाव जरूर लिहा, पण मराठीतून परत इंग्रजीत कधीच आणू नका. काही जण सांगतात, मराठी रजिस्टरच बंद करा. मला ते पटत नाही. रूमवर चहा नेणाऱ्या पोराला आणि स्टेशनवर जाणाऱ्या ड्रायव्हरला मराठी वाचता येतं, आणि पाहुण्याला नीट हाक मारली की त्याला बरं वाटतं. फक्त त्या कॉलमला ‘नाव’ म्हणू नका, ‘उच्चार’ म्हणा. पाहुण्याला नाव बोलायला लावा आणि ऐकू येईल तसं लिहा. स्टेशनवर धरायच्या पाटीवर मात्र बुकिंगमधलं इंग्रजी नावच हवं, कारण ती पाटी पाहुण्याला वाचायची असते.

रेकॉर्डचं नाव घ्यायचं पहिल्या ओळीतून. देशाच्या कोडनंतर आडनाव, मग दोन खुणा <<, मग स्वतःची नावं. एकेरी < म्हणजे मोकळी जागा किंवा हायफन. आपली पोरं सवयीने मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं समजतात. इथे MARIA हे बाईंचं स्वतःचंच दुसरं नाव आहे, म्हणून ते ANNA सोबत एकाच कॉलममध्ये जाईल.

या ओळींमध्ये फक्त साधी इंग्रजी अक्षरं चालतात. जर्मन पाहुण्याचं नाव वर MÜLLER छापलेलं असतं, खाली MUELLER, आणि त्याने बुकिंग Muller नावाने केलेलं असतं. तिन्ही बरोबर. बुकिंगचं नाव ‘सुधारायला’ जाऊ नका. ते जसं आलं तसं ठेवा आणि पासपोर्टचं नाव वेगळ्या कॉलममध्ये घ्या.

मग तिन्ही जोडायचं कशाने? बुकिंग नंबरने. पाहुणा दारात आला की आधी बुकिंग नंबर मागा, आणि त्याच एंट्रीत पासपोर्ट नंबर आणि देशाचा कोड टाका. दोन देशांचे नंबर सारखे निघू शकतात, म्हणून दोन्ही लागतात. पुढे शोधायचं ते याच नंबरांनी.

नंबरचा अजून एक फायदा आहे. दुसऱ्या ओळीत पासपोर्ट नंबरची 9 अक्षरं L898902C3, आणि लगेच पुढचा 6 हा तपासणीचा आकडा आहे. अक्षरांना A=10, B=11 अशी किंमत द्यायची, ओळीने 7, 3, 1 ने गुणायचं आणि बेरीज करायची. इथे बेरीज 316 येते, शेवटचा आकडा 6. जुळलं. पोराने शून्याच्या जागी O टाईप केला तर बेरीज होते 340, शेवटी 0. चूक पकडली! एक्सेलमध्ये हे सूत्र एकदा बसवून घ्या. पण लक्षात ठेवा, नावासाठी असा आकडा कुठेच नाही. नावातली चूक कोणी पकडून देत नाही, ते अक्षर-अक्षर लावूनच बघावं लागतं.

आणि ‘उच्चार’ कॉलममध्ये सर्च करू नका. ‘ॲना’मधला पहिला ॲ काही कीबोर्ड एकच अक्षर म्हणून टाकतात, काही अ आणि वरचा चंद्र असे दोन तुकडे टाकतात. डोळ्याला सारखंच दिसतं, कॉम्प्युटरला दोन वेगळी नावं वाटतात.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. नवीन पासपोर्ट काढला की बहुतेक वेळा नंबर बदलतो, मग जुना पाहुणा पासपोर्टचं नाव आणि जन्मतारीख लावून शोधावा लागतो. आणि नावासाठी ओळीत 39 च जागा असतात. नाव फार लांब असलं तर ते खाली तुटतं, तेव्हा वर छापलेलं पूर्ण नाव बघा.

त्या भावाने आता रजिस्टर नवीन छापून घेतलंय: बुकिंग नंबर, बुकिंगचं नाव, पासपोर्ट नंबर, देश, आडनाव, स्वतःचं नाव, जन्मतारीख, आणि सगळ्यात शेवटी उच्चार. तुम्ही अजून रजिस्टर छापायला टाकलं नसेल, तर हे कॉलम आधीच टाकून घ्या.