शेवटचे दहा डॉलर

२०११ सालच्या गुढीपाडव्याला, म्हणजे ४ एप्रिलला, न्यूयॉर्कच्या कॉमेक्स या वायदेबाजारात चांदीचा भाव औंसाला साडेअडतीस डॉलरच्या आसपास होता, आणि त्याच वर्षीच्या अक्षय्य तृतीयेला, म्हणजे ६ मे रोजी, तो ३५.२९ डॉलरवर बंद झाला. या दोन मुहूर्तांचेच भाव ज्याच्या दप्तरी नोंदलेले असतील, त्याला वाटेल की चांदी महिनाभरात तीन डॉलरांनी उतरली, एवढीच काय ती घडामोड. प्रत्यक्षात या दोन नोंदींच्या मधल्या काळात भाव पन्नास डॉलरांच्या उंबरठ्यापर्यंत जाऊन आला होता, आणि त्या चढणीच्या शेवटच्या पंधरवड्यात बाजारात आलेल्या असंख्य माणसांची पुंजी, काहींची तर पुंजीपेक्षाही अधिक रक्कम, नाहीशी झाली होती. तेजीच्या ज्या अवस्थेला बाजारात ब्लो-ऑफ टॉप म्हणतात, तिचे इतके स्वच्छ उदाहरण माझ्या पाहण्यात दुसरे नाही. म्हणून आज तेवढ्या एकाच प्रकरणाचा विचार करावयाचा आहे.

प्रथम गतीकडे पाहावे. सप्टेंबर २०१० मध्ये चांदीने वीस डॉलरांची पातळी ओलांडली आणि तिथून तीस डॉलरांपर्यंत पोहोचायला तिला सुमारे तीन महिने लागले. जानेवारीत ती साडेसव्वीसपर्यंत खाली आली, फेब्रुवारीच्या मध्यास पुन्हा तिशीवर चढली आणि ८ एप्रिलच्या सुमारास चाळीस ओलांडून गेली. म्हणजे दहा डॉलरांच्या या दुसऱ्या टप्प्यास आठ आठवडे पुरले. आणि चाळीसपासून जवळजवळ पन्नासपर्यंतचा तिसरा टप्पा अवघ्या सतरा दिवसांत सरला. अंतर तेवढेच, पण त्यास लागणारा काळ दर खेपेस घटत गेलेला; आलेखावर अशा चढणीची रेषा सरळ न राहता अन्वस्ताप्रमाणे वर वळत जाते आणि शेवटी जवळजवळ उभी होते. मागील दोनशे दिवसांची सरासरी त्या वेळी २७ ते २८ डॉलरांच्या घरात होती, आणि भाव तिच्याहून पाऊणपटीने वर गेला होता.

आता कँडलकडे. दिवसाचा उघडता आणि बंद भाव जिच्या जाड भागाने दिसतो, आणि त्या दिवशीचा उच्चांक व नीचांक जिच्या वरच्या-खालच्या बारीक रेघांनी दिसतात, ती ही आकृती चांदीच्या बाबतीत मार्चअखेरपर्यंत बेताच्या उंचीची होती. एप्रिलच्या उत्तरार्धात एकेका दिवसाचा हेलकावा दोन-दोन, तीन-तीन डॉलरांचा होऊ लागला. गुड फ्रायडेच्या सुट्टीनंतरच्या सोमवारी, २५ एप्रिलला, वायदा ४९.८२ डॉलरांपर्यंत चढला आणि ४७.१५ वर बंद झाला. आदल्या बंद भावाशी तुलना केली तर त्या दिवशीही एका डॉलरची वाढच झाली होती. परंतु शिखरापासून बंद होईतो अडीच डॉलरांहून अधिक भाव परतही गेला होता. त्याच दिवशी चांदीच्या भावाशी निगडित असलेल्या एसएलव्ही या अमेरिकन निधीच्या सुमारे १८ कोटी ९० लाख युनिटांची उलाढाल झाली. हा तोवरचा विक्रम होता, आणि रोजच्या उलाढालीत एरवी पहिल्या क्रमांकावर असणारा एसपीवाय हा निधीही त्या दिवशी मागे पडला.

या उलाढालीचा अर्थ लावताना पुष्कळदा चूक होते. मोठी उलाढाल म्हणजे मोठी मागणी, असे नवखा खरेदीदार धरून चालतो. पण प्रत्येक सौद्यास दोन बाजू असतात, आणि जितकी युनिटे विकत घेतली गेली तितकीच कोणी तरी विकली होती, ही गोष्ट त्याच्या ध्यानातून निसटते. त्या सोमवारी विकणारा कोण होता? अठरा-वीस डॉलरांना ज्याने चांदी घेतली, तो इतके दिवस विकत नव्हता, कारण भाव वाढत होता आणि विकावयाचे झाल्यास एवढा माल एका हाती घेणारा कोणी नव्हता. आता घेणाऱ्यांची रीघ लागली होती, आणि भाव फारसा न पाडता मोठा साठा रिकामा करण्याची अशी संधी तेजीच्या आयुष्यात क्वचितच लाभते. प्रचंड उलाढाल होऊनही दिवसाचा बंद भाव उच्चांकापासून दूर राहिला, याचा अर्थ आलेली सर्व मागणी पचवून उरेल इतका पुरवठा त्या दिवशी पुढे आला. माल जुन्या, स्वस्तात घेतलेल्या हातांतून नव्या, महागात घेणाऱ्या हातांत गेला. जुन्या धारकास दहा डॉलरांची पडझड सोसता येत होती. नव्याला तीन डॉलरांचीही सोसवत नव्हती. बाजाराचा भाव तोच राहिला तरी त्याचा पाया त्या एका दिवसात कमकुवत झाला.

येथे एक मर्यादा सांगून ठेवली पाहिजे. रुंद कँडल आणि भारी उलाढाल ही जोडी तेजीच्या आरंभीही दिसते. दीर्घकाळ एका पट्ट्यात अडकलेला भाव जेव्हा पट्टा फोडून बाहेर पडतो, तेव्हाही दृश्य हेच असते, आणि तेथे विकणारा पस्तावतो. भेद असतो तो जागेचा: भाव सरासरीपासून किती दूर आला आहे आणि चढणीचा वेग किती काळ वाढत राहिला आहे, याचा. आणि एवढे सर्व ध्यानी घेऊनही शिखराचा दिवस आधी सांगता येत नाही. ८ एप्रिलला चाळीस डॉलर हा भाव अवास्तव आहे असे मानून ज्यांनी मंदीचे सौदे केले, त्यांचे अनुमान अखेर बरोबर ठरले. परंतु मधल्या सतरा दिवसांत भाव आणखी दहा डॉलर वाढल्यामुळे त्यांतील अनेकांना तोटा पदरात घेऊन सौदे कापावे लागले, आणि त्यांनी नाइलाजाने केलेली ही खरेदीच शेवटच्या चढणीस इंधन झाली.

उशिरा येणाऱ्याचे नुकसान होते ते केवळ भाव पडतो म्हणून नव्हे. त्याच्यापाशी माघार घेण्यास जागाच नसते म्हणून होते. पस्तीस डॉलरांना खरेदी करणारा तेहतिसाला स्टॉप लॉस लावू शकत होता, कारण दिवसाचा हेलकावा एक डॉलरभर होता. अठ्ठेचाळीसला खरेदी करणाऱ्याने शेचाळीसला तो लावला, तर त्या दिवसांच्या साध्या चढउतारातच तो उडून जाई. आणि जेथे पूर्वी भाव थबकून टिकला होता अशा पातळीखाली लावावा, तर ती पातळी दहा डॉलर खाली. यावर एकच योग्य उत्तर होते, सौद्याचा आकार तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यावर आणणे. परंतु अशा दिवसांत माणसे आकार घटवीत नाहीत, वाढवतात.

आता मार्जिन, ज्याला जुने व्यापारी बयाणा म्हणत. कॉमेक्सचा एक वायदा ५,००० औंसांचा, म्हणजे ४८.६० डॉलर भावाने २,४३,००० डॉलरांचा. त्यासाठी नव्या सटोडियास २९ एप्रिलनंतर १४,५१३ डॉलर भरावे लागत. म्हणजे मालाच्या किमतीच्या सहा टक्के. २६ एप्रिलपूर्वी हीच रक्कम ११,७४५ डॉलर होती. पुढे ती क्रमाने १६,२००, १८,९०० आणि ९ मेपासून २१,६०० झाली. बाजार चालवणाऱ्या संस्थेने तेजी मुद्दाम मोडली, असा आरोप त्या वेळी पुष्कळांनी केला. मला तो पटत नाही. मार्जिन ठरते ते दिवसाच्या संभाव्य हेलकाव्यावरून. हेलकावा तिप्पट झाला की बयाणा वाढणे ओघानेच येते. ज्या रुंद कँडल पाहून खरेदीदार हर्षभरित होत होता, त्याच त्याच्यावर येऊ घातलेल्या मार्जिन कॉलची पूर्वसूचना होत्या.

२६ एप्रिलला भाव ४५.०५ वर उतरला, आणि नंतर तीन दिवसांत परत चढून शुक्रवारी, २९ एप्रिलला, ४८.६० वर बंद झाला. त्या संपूर्ण तेजीतील हा सर्वांत उंच बंद भाव. सोमवारचा धक्का ही किरकोळ विश्रांती होती, अशी अनेकांची खात्री झाली, सोमवारचा ४९.८२ चा उच्चांक मात्र वायद्याने पुन्हा गाठला नाही, आणि उलाढालही सोमवारइतकी झाली नाही. माझ्या मते सर्वांत घातक खरेदी झाली ती याच दोन-तीन दिवसांत.

रविवारी, १ मेच्या सायंकाळी, न्यूयॉर्कचा इलेक्ट्रॉनिक बाजार उघडला तेव्हा लंडनला दुसऱ्या दिवशी सुट्टी होती, पूर्वेकडील अनेक बाजारही बंद होते आणि घेणारे विरळ होते. काही मिनिटांतच भाव अठ्ठेचाळीसच्या आसपासहून बेचाळीसपर्यंत कोसळला. ओसामा बिन लादेन मारला गेल्याच्या वार्तेशी या घसरणीचा संबंध नंतर जोडला गेला. परंतु ती घोषणा घसरणीनंतर काही तासांनी झाली. सहा डॉलर गुणिले ५,००० औंस म्हणजे प्रत्येक वायद्यामागे ३०,००० डॉलर, भरलेल्या मार्जिनच्या दुप्पट. त्या वेळी भारतात सोमवारची पहाट होती आणि मुंबईचा एमसीएक्स बंद होता. तेथील तेजीवाल्याचा स्टॉप लॉस कोठेही लावलेला असला, तरी भाव त्या पातळीवर न थांबता तिला ओलांडूनच उघडणार होता. सोमवारी कॉमेक्सवर भाव सावरून ४६.०८ वर बंद झाला खरा, पण पुढे ४२.५८, ३९.३९, ३६.२४ आणि अखेर ३५.२९, एका आठवड्यात २७ टक्के. एप्रिलअखेर मुंबईत किलोस ७३ हजारांच्या आसपास गेलेली चांदी ५५ हजारांच्याही खाली आली. ३० किलोंच्या एका लॉटमागे पाच लाखांहून अधिक तोटा.

ज्याने वायदा न करता रोख चांदी घेऊन तिजोरीत ठेवली, त्याच्यावर मार्जिन कॉल आला नाही, एवढे खरे. पण रुपयांतला तो भाव त्याला पुन्हा दिसला तो ऑगस्ट २०२० मध्ये, आणि डॉलरांतले पन्नास ऑक्टोबर २०२५ मध्ये. मधल्या वर्षांचे व्याज आणि महागाई यांचा हिशेब वेगळाच.

माझी तक्रार आहे ती मार्जिनवाढीच्या वेळेबद्दल. दोन आठवड्यांत पाच वेळा बयाणा वाढवणे म्हणजे जो सर्वांत शेवटी आणि सर्वांत थोड्या पुंजीवर आला, त्याच्यावर पाचही घाव एकदम घालणे. चाळीस डॉलर ओलांडताच, हेलकावा वाढू लागल्याबरोबर, हीच वाढ टप्प्याटप्प्याने झाली असती, तर शेवटच्या दहा डॉलरांत उधारीवर शिरणाऱ्यांची संख्या निश्चित घटली असती आणि जे शिरले त्यांच्यापाशी पहिला तडाखा सोसण्याइतकी रक्कम तरी राहिली असती. एमसीएक्सने आणि त्यावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने चांदीचा भाव दोनशे दिवसांच्या सरासरीहून दीडपट झाला की मार्जिन आपोआप चढत जाईल, असा नियम आधीच जाहीर करावा, आणि तो तेजी चालू असताना, तेजीवाल्यांचा रोष पत्करून अमलात आणावा.