चला, मराठी लिहूया : पत्रमैत्रिणीला ईदचे पत्र



'ईदचे वर्णन करणारे पत्र मित्राला लिहा' असे सांगितले की बहुतेक वह्यांत पहिले वाक्य असते, 'ईद हा मुसलमानांचा पवित्र सण आहे. या दिवशी सर्वजण नवीन कपडे घालतात.' यात चूक काही नाही, पण हा निबंध झाला. निबंधात दरवर्षी काय 'करतात' ते येते. पत्रात या वर्षी आमच्या घरी काय 'केले' ते येते. म्हणून पत्र लिहिताना एकच ईद डोळ्यांसमोर ठेवा आणि क्रियापदे भूतकाळात घ्या.

समजा, आपल्या शहरातली सातवीतली सना कुडाळच्या मृणालला लिहिते आहे. दोघींनी एकमेकींना कधी पाहिलेले नाही.

छत्रपती संभाजीनगर,
२ एप्रिल २०२५

प्रिय मृणाल,
सप्रेम नमस्कार.

तुमचा पाडवा कसा झाला? तुम्ही रविवारी गुढी उभारली, त्याच दिवशी जेद्दाहून अब्बांचा फोन आला. तिकडे चंद्र आदल्या संध्याकाळी दिसला, म्हणून त्यांची ईद रविवारीच झाली. आमचा मात्र तेव्हा एकोणतिसावा रोजा होता. अब्बा म्हणाले, "खोलीवर शेवया केल्या, पण दूध जास्त झाले." दादी हसली आणि मग बराच वेळ गप्प बसली.

संध्याकाळी गच्चीवरून आम्हाला चंद्र दिसला. रात्री मी शीरखुर्म्यासाठी खारका भिजत घातल्या. शीर म्हणजे दूध आणि खुर्मा म्हणजे खजूर. आटवलेल्या दुधात तुपावर परतलेल्या शेवया, खारकांचे काप आणि चारोळी घालतात.

सोमवारी सकाळी दादीने फित्रा काढला. घरातल्या प्रत्येक माणसामागे गरिबाला धान्य किंवा तेवढे पैसे द्यायचे, त्याला फित्रा म्हणतात. ईदच्या दिवशी कुणी उपाशी राहू नये म्हणून तो नमाजेच्या आधी देतात. दादीने अब्बांचाही हिस्सा मोजला. मी म्हणाले, "ते तिकडे देतात ना!" ती म्हणाली, "असू दे. कुणाच्या तरी घरी जाईल."

भाईजान चाचांबरोबर छावणीच्या ईदगाहवर गेला. ते परत आल्यावर मी दोन वाट्या शीरखुर्मा खाल्ला.

अब्बा डिसेंबरमध्ये येणार आहेत. तेव्हा तू आलीस तर आपण सगळे मिळून पुन्हा शीरखुर्मा करू. तुझ्या आईबाबांना माझा नमस्कार सांग.

तुझी मैत्रीण,
सना

आता पत्रातल्या तीन जागा नीट पाहू.

पहिली जागा, 'शीरखुर्मा खाल्ला'. सना मुलगी आहे, तरी 'खाल्ली' लिहीत नाही. आपल्या घरच्या दखनीत मुलगा 'मैं रोटी खाया' म्हणतो आणि मुलगी 'मैं खाई' म्हणते. तिथे क्रियापद बोलणाऱ्याप्रमाणे बदलते. मराठीत अशा भूतकाळी वाक्यात ते बहुधा खाल्लेल्या वस्तूप्रमाणे बदलते. म्हणून मुलगा असो की मुलगी, 'मी शीरखुर्मा खाल्ला, मी भाकरी खाल्ली, मी केळे खाल्ले'. पिणे, शिकणे, म्हणणे अशी थोडी क्रियापदे मात्र बोलणाऱ्याच्या मागे जातात. म्हणून सना 'मी म्हणाले' असे लिहिते.

दुसरी जागा, 'आम्हाला चंद्र दिसला' आणि 'आपण शीरखुर्मा करू'. गच्चीवर मृणाल नव्हती, म्हणून तिथे 'आम्हाला'. डिसेंबरच्या बेतात तीही आहे, म्हणून 'आपण'. उर्दूत दोन्हींकडे 'हम' चालते, मराठीत चालत नाही. 'आम्ही सगळे मिळून करू' असे लिहिले असते, तर बोलावणे करूनही मृणाल पंगतीबाहेरच राहिली असती.

तिसरी जागा, फित्रा. हा शब्द मृणालला माहीत नसणार. सनाने तो गाळला नाही, त्याच्या जागी 'दान'ही लिहिले नाही. तोच शब्द ठेवला आणि लगेच दोन सोप्या वाक्यांत त्याचा अर्थ सांगितला. 'रोजा' आणि 'ईद' मात्र तिने समजावले नाहीत, कारण हे शब्द मराठी वाचणाऱ्याला ठाऊक असतात.

मायन्याबद्दलही थोडे. पत्रमैत्रीण मुस्लिम असेल तर 'प्रिय' नंतर 'अस्सलामु अलैकुम' लिहा, नसेल तर 'सप्रेम नमस्कार'. 'तीर्थरूप' आणि 'साष्टांग नमस्कार' हे मोठ्यांच्या पत्रातले शब्द आहेत, मैत्रिणीला ते लिहू नयेत.

या महिन्याचा अभ्यास : खालची वाक्ये दुरुस्त करून वहीत लिहा आणि मग तुमच्या घरच्या ईदचे पत्र लिहा.

१. (मुलगी) मी खजूर खाल्ली.
२. (मुलगा) मी ईदी घेतला.
३. (ईदला न आलेल्या मित्राला) काल आपण ईदगाहवर गेलो होतो.