सूर्यास्तापूर्वीचे पाणी

आषाढ शुद्ध चतुर्दशी चार दिवसांवर आली होती. शिरोळ तालुक्यातील एका गावात बस्तीच्या आवारातील पाठशाळेच्या खोलीत दुपारी वीस-बावीस श्राविका जमल्या होत्या. चातुर्मासात कोणी कोणते नियम घ्यायचे, याची चर्चा चालू असतानाच गावच्या आशाताई आल्या. त्या स्वतः जैन नाहीत; पण पंधरा वर्षे याच गल्लीतील बाळंतिणींच्या घरी जाऊन त्यांना इथल्या चुली, इथले नियम आणि इथल्या स्त्रियांची न सांगण्याची सवय, तिन्ही चांगल्या परिचयाच्या झाल्या आहेत. त्यांनी विषय सांगताच मागच्या रांगेत पदर तोंडावर गेले. ताईंनी थोडे हसू दिले आणि मग एका सुनेची हकिगत सांगितली. ती याच तालुक्यातील होती आणि नाव न घेता सांगण्याची परवानगी तिने दिलेली होती.

त्या सुनेला बाळंत होऊन पाच महिने झाले होते. आरोग्य केंद्रातून मिळालेल्या लोहाच्या गोळ्यांनी शौचाला खडा होऊ लागला, म्हणून तिने त्या कोणाला न सांगता बंद केल्या. अंगावर दूध पाजणारी ती, घराच्या रीतीप्रमाणे सूर्यास्तानंतर पाणी घेत नव्हती आणि दिवसा भांगलणीला गेल्यावर शेतात आडोसा नसल्याने मुद्दामच कमी पीत होती. तीन-तीन दिवस शौचाला होत नसे. झाले की कुंथावे लागे. पुढे शौचानंतर लाल रक्ताचे थेंब पडू लागले. दुखत काहीच नव्हते, म्हणून तिने ते चार महिने लपविले. बांधावरून घरी येताना धाप लागू लागली, तेव्हा सासूबाईंनी तिला तपासणीस नेले. हिमोग्लोबिन ८.४ निघाले.

‘‘आता यातलं कुठलं चुकलं?’’ ताईंनी विचारले.

‘‘गोळ्या सोडल्या ते,’’ एका वहिनींनी उत्तर दिले.

‘‘ते शेवटचं, वहिनी. सुरुवात आधीची आहे.’’

मग ताईंनी शरीराची गोष्ट सोप्या शब्दांत मांडली. गुदद्वाराच्या आतल्या बाजूस रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या प्रत्येकाच्याच शरीरात असतात. वायू आणि पातळ मळ रोखून धरण्यास त्यांची मदत होते. म्हणजे मूळव्याध हे बाहेरून आलेले काही नव्हे. मळ कडक झाला, माणूस रोज कुंथू लागले की या गाद्यांत रक्त तुंबते, त्या फुगतात, खाली सरकतात आणि वरून खडा घासून गेला की रक्त येते. आतल्या मोडांना वेदना जाणवत नाही, म्हणून रक्त येते पण दुखत नाही. गरोदरपणात पोटातील दाब वाढून हाच प्रकार सहज होतो. उलट शौच करताना काचेने चिरल्यासारखे दुखले आणि नंतरही बराच वेळ आग होत राहिली, तर बहुधा ती मूळव्याध नसून त्वचेला पडलेली चीर असते. स्त्रिया दोन्हींना एकच नाव देतात आणि शेजारणीचे औषध लावतात. ज्या घटकेला कुंथणे थांबते, त्या घटकेपासून दोन्ही त्रास कमी होऊ लागतात. म्हणून त्यांचा प्रतिबंध एकाच जागी आहे.

मळ कडक का होतो, याचे उत्तर ताईंनी श्राविकांच्याच दिनक्रमातून काढले. अन्नाचा उरलेला भाग मोठ्या आतड्यात जितका वेळ थांबेल, तितके त्यातील पाणी शोषले जाते. पहाटे उठल्यावर आणि पोटात पहिले काही गेल्यावर आतडे आपोआप हलू लागते. शौचाची भावना येण्याची खरी वेळ तीच. पण श्राविका त्या वेळी स्नान करून, सोवळे नेसून चौक्यात असते. मुनींचा आहार व्हायचा असतो, पुन्हा स्नान करणे शक्य नसते. भावना येते, ती दाबते. थोड्या वेळाने भावना निघून जाते, मळ मात्र तिथेच सुकत राहतो. हे महिनोन्‌महिने झाले की शरीर सूचना देणेच कमी करते.

‘‘मग काय, चौका सोडायचा?’’ पुढे बसलेल्या आक्कांचा स्वर जरा चढला.

‘‘नाही आक्का. अर्धा तास आधी उठा. ज्यांच्या नियमात बसतं त्यांनी स्नानाआधी उकळून कोमट केलेलं पाणी पेलाभर घ्या आणि भावना असो-नसो, शौचाला जाऊन बसा. पाच-दहा मिनिटं, जास्त नाही. झालं तर झालं, कुंथायचं नाही. दर्शनाआधी पाण्याचाही नियम असेल, तर चौका उरकून पहिलं खाणं झालं की तीच तुमची वेळ. तेव्हा भांडी थांबू द्यात.’’ पुढे त्यांनी हेही सांगितले, की खुर्चीसारखे संडास असेल तर पायाखाली वीतभर उंचीचा पाट घ्यावा. गुडघे वर आले की मार्ग सरळ होतो. आत मोबाईल नेण्याची सवय सुनांनी सोडावी, असे म्हणताच सासवांच्या रांगेत समाधान पसरले. ताईंनी लगेच सासऱ्यांचेही नाव त्यात जोडले.

पाण्याच्या बाबतीत बहुतेकींचा समज असा, की रात्री घेत नाही त्याची भरपाई सूर्यास्ताच्या आधी एकदम दोन तांबे पिऊन होते. ती होत नाही. एकदम घेतलेले बरेचसे पाणी लघवीवाटे निघून जाते. दिवसभरात साधारण दोन ते अडीच लिटर पाणी, तेही थोडे थोडे, पोटात जायला हवे. शेतात घाम गाळणाऱ्या बाईला याहून अधिक लागते. ताईंचा उपाय साधा होता. सकाळी उकळलेले पाणी गाळून एका ठरावीक कळशीत भरावे आणि ती आपल्या एकटीची समजावी. दुपारच्या जेवणापर्यंत ती निम्मी झाली पाहिजे, सूर्य मावळण्याआधी तासभर रिकामी. आपले पाणी मोजण्याची स्त्रियांना सवयच नसते. मात्र हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असून डॉक्टरांनी पाणी बेताने घ्यायला सांगितले असेल, त्यांनी हे माप पाळू नये.

मग आहाराची गोष्ट निघाली आणि इथे सभेत खरा वाद झाला. चातुर्मासात अनेकींचा पालेभाज्यांचा त्याग असतो, कंदमुळे तर बाराही महिने वर्ज्य. अंजिराचे नाव घेताच ‘‘ते उदुंबरात येतं’’ असे तिघी एकदम म्हणाल्या. ताईंनी अंजीर लगेच सोडून दिले. त्यांचा भर दुसऱ्याच गोष्टीवर होता. घरोघरी पीठ जीव-जंतूंसाठी बारीक चाळणीतून काढले जाते आणि चाळणीत राहिलेला कोंडा म्हशीपुढे जातो. हाच कोंडा आतड्यात पाणी धरून ठेवतो आणि मळ मऊ राखतो.

‘‘पण चाळल्याशिवाय पीठ घ्यायचं कसं? पावसाळ्यात किडा धरतो,’’ आक्का म्हणाल्या. त्यांचे म्हणणे खरे होते आणि ताईंनी ते मान्य केले. धान्य दळण्यापूर्वी उन्हात, परातीत नीट शोधावे. पावसाळ्यात पिठाची मर्यादा तीन दिवसांची धरतातच, तेव्हा तेवढेच दळावे. चाळावे, पण चाळणीतला कोंडा परातीत पसरून डोळ्यांनी पाहून पुन्हा पिठात मिसळावा. आक्का क्षणभर थांबल्या. ‘‘हे चालेल,’’ त्या म्हणाल्या, आणि त्या सभेत हा शब्द ताईंच्या सर्व सांगण्यापेक्षा वजनदार ठरला. ज्वारीची भाकरी, सालासकट मूग व मटकीची उसळ, दोडका, पडवळ, गवार, घेवडा, उकळून गार केलेल्या पाण्यात भिजविलेले काळे मनुके, हे सर्व नियमात राहून घेता येते. बाधते ते उपवास सोडताना आणि एकाशनाच्या दिवशी पोट भरण्यासाठी घेतलेले पदार्थ: टोस्ट, खारी, मैद्याच्या पुऱ्या, फरसाण. कोंडा वाढवायचा तोही आठ-दहा दिवसांत हळूहळू. एकदम वाढविला तर पोट फुगते, आणि पाणी न वाढविता वाढविला तर खडा अधिकच घट्ट होतो.

इसबगोलाचेही तसेच. एक-दोन चमचे भुसी भरपूर पाण्यात मिसळून लगेच प्यायची आणि वर आणखी पेलाभर पाणी घ्यायचे, म्हणजे चौविहार पाळणाऱ्या बाईने ते सूर्यास्तापूर्वीच घ्यायला हवे. कोरडी भुसी तोंडात टाकली तर ती घशातच फुगून अडकते. सोनामुखी असलेली चूर्णे मात्र महिनोन्‌महिने आपल्या मनाने घेऊ नयेत.

लोहाच्या गोळ्या बंद करायच्या नसतात, हे ताईंनी दोनदा सांगितले. त्रास झाला तर परिचारिकेला सांगावे. वेळ किंवा गोळी बदलता येते. गोळीने मळ काळसर दिसतो, त्याला भिऊ नये. पण गोळी चालू नसताना मळ डांबरासारखा काळा, चिकट आणि उग्र वासाचा झाला, तर तो वर कुठेतरी रक्तस्राव होत असल्याचा इशारा असतो. तेव्हा त्याच दिवशी दवाखाना. बाजारात खुर्ची मांडून एका सुईत मोड गाळून देतो म्हणणाऱ्याकडे कोणी जाऊ नये. त्या सुनेलाही शस्त्रक्रिया लागली नाही. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, कळशी वेगळी झाली, कोंडा पिठात राहिला, दिवसातून दोनदा पंधरा मिनिटे कोमट पाण्याच्या टबात बसणे झाले. रक्त तीन आठवड्यांत थांबले. दूध पाजत असेपर्यंत उपवास करू नये, हे महाराजांनीच तिला सांगितले होते.

शेवटी ताई म्हणाल्या, की रक्त दिसले म्हणजे मूळव्याधच, असे घरी ठरवू नये. विशेषतः पंचेचाळिशीनंतर पहिल्यांदा रक्त आले, ते मळात मिसळलेले असले, शौचाची सवय अचानक बदलली, वजन उतरले किंवा घरात कोणाला आतड्याचा कर्करोग झालेला असला, तर डॉक्टरांनी आतून तपासलेच पाहिजे.

सभा उठली. नियमांची वही पुन्हा उघडली गेली. एक आज्जी मात्र जोडे घालण्याच्या निमित्ताने ओट्यावर रेंगाळल्या. सगळ्या गेल्यावर त्यांनी ताईंचा हात धरला.

‘‘मला वर्ष झालं, पोरी. मूळव्याध म्हणून मी काही बोलले नाही.’’

‘‘चोळी सैल झाली का, आज्जी?’’

आज्जींनी मान हलविली. ताईंनी पिशवीतून चिठ्ठीचे पुस्तक काढले, वय विचारले, अडुसष्ट लिहिले आणि सोमवारी सकाळी ग्रामीण रुग्णालयात आपण स्वतः बरोबर येऊ असे सांगितले. ‘‘सुनेला सांगू का?’’ असे ताईंनी विचारले, तेव्हा आज्जी जरा थांबल्या आणि म्हणाल्या, ‘‘सांग. तीच नेईल गाडीवरून.’’